पोशाखाचा फोटो

पोस्टरचे नमुने दाखवायला मी तालमीच्या हॉलवर गेले, तेव्हा ताई रंगपटात आरशाकडे पाठ करून बसली होती. आईच्या भूमिकेची मळकट साडी घडी घालून मांडीवर ठेवलेली होती. तालीम सुरू व्हायच्या वेळेला साडीची घडी? मला शंका आली.

"मला काढलं," ताई म्हणाली. "सर म्हणतात, माझा चेहरा भरलाय. उपोषणाला बसलेली आई असा गोल चेहरा घेऊन कशी बसणार, म्हणे. भूमिका चिमणीला देतायत. काकांना फोटो दाखवलेत, ते थोड्या वेळात येऊन काय ते सांगतील."

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. या नाटकमंडळीत तिचं आयुष्य गेलं. मुलाच्या सुटकेसाठी तुरुंगाच्या दारात उपोषणाला बसणारी ही आई तिने सहा महिने घोटली होती. चिमणी नाटकात तिची सून होणार होती. काका म्हणजे मंडळीचे अध्यक्ष, आणि सर म्हणजे दिग्दर्शक. सगळे त्यांना सर म्हणतात म्हणून मीही म्हणते. त्या दिवसापासून जीभ जरा अडखळते.

"कुठले फोटो?" मी विचारलं.

"तुझेच."

मी हॉलमध्ये गेले. टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी मांडले होते. एकात ताई, एकात चिमणी. दोन्ही मी काढलेले. पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ताईचा फोटो पोशाखाच्या नोंदीसाठी होता. अशा फोटोत माणूस महत्त्वाचा नसतोच. साडीचा रंग, ठिगळ कुठे आहे, पदर कसा खोचलाय, हे सगळं दिसायला हवं, म्हणून कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच ताकदीचे दोन दिवे लावतात. सावली कुठेच पडत नाही. कापडाचं बरं होतं आणि चेहऱ्याचं वाटोळं. गाल, जबडा, कपाळ, सगळं सारखंच उजळतं, हाडं कुठे आहेत तेच कळत नाही आणि चेहरा थापल्यासारखा रुंद दिसतो.

चिमणीचा फोटो पोस्टरसाठी काढून पाहिला होता. तिला मान थोडी वळवायला लावून, जिकडे ती पाहत होती तिकडून मी एकच दिवा लावला होता. म्हणजे कॅमेऱ्याकडचा गाल, जो मोठा दिसतो तो, सावलीत गेला आणि पलीकडची अरुंद बाजू तेवढी उजळली. गाल आत गेल्यासारखे, हनुवटी टोकदार. चार दिवस पाण्यावर असल्यासारखी दिसत होती पोर. प्रत्यक्षात ती तेव्हा माझ्या डब्यातला दुसरा लाडू खात होती.

सर कोपऱ्यात दिव्यांच्या माणसाशी बोलत होते. काका येऊन खुर्चीत टेकले होते. मी दोन्ही फोटो उचलले आणि थेट काकांच्या हातात दिले.

"काका, डोळे बघा. चेहरा नका बघू, फक्त डोळे."

काकांनी चष्मा वर सारला. "ताईच्या डोळ्यांत दोन ठिपके चमकतायत."

"आणि चिमणीच्या?"

"एकच. तोही अगदी बाजूला."

"ते ठिपके म्हणजे दिवे. आता नाकाची सावली बघा. चिमणीच्या गालावर पडलीय. ताईच्या गालावर आहे का?"

"नाही दिसत."

"मग तुम्ही दोन चेहरे बघत नाही, दोन तऱ्हेचा उजेड बघताय! आणि त्यावर माझ्या बहिणीला घरी बसवताय!"

"आवाज खाली," सर म्हणाले. "घरच्या माणसासाठी तू बोलणारच."

मी काही बोलायच्या आत चिमणी पुढे आली. ती मघापासून भिंतीला टेकून उभी होती, तोंड एवढंसं करून. "माझा काढा," ती म्हणाली. "ताईंसारखाच. समोरून."

तिला मी ताईच्याच जागी उभी केली, समोर दोन दिवे लावले आणि फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर काकांनी पाहिलं. चिमणीचा चेहरा बशीसारखा गोल. मग ताईला बोलावलं. एक दिवा विझवला, दुसरा बाजूला नेला, मान वळवायला सांगितली. गालाखाली खड्डा उमटला, जबड्याची कड दिसू लागली, डोळे खोल गेले. तीच ताई, तोच गाल, तीच दुपार.

"अरेच्चा," काका म्हणाले. "सर, हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

सर चिडले. चिडलेला माणूस खरं बोलतो. "लक्षात यायचं काय त्यात? इतकी वर्षं मी नाटकांची प्रकाशयोजना करतोय. दिवे मला शिकवणार का ही? पोशाखाच्या फोटोत सावली नको, हे हिला मीच तर सांगितलं होतं!"



म्हणजे माहीत होतं. मला वाटत होतं माणूस चुकला, त्याला समजावून सांगावं. तो चुकला नव्हता. कुठला फोटो कसा निघालाय हे नीट ठाऊक असताना त्याने ते दोन शेजारी मांडले, आणि त्यासाठी माझा हात वापरला. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता.

"का?" काकांनी विचारलं.

उत्तर ताईने दिलं. "मागच्या आठवड्यात सर मला आईची वाक्यं ओरडून म्हणायला लावत होते, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, उपाशी बाई एवढी ओरडत नाही, तिच्यात ताकद नसते. त्यांना ते लागलं. तसं तोंडावर सांगायचं ना, सर. माझ्या गालांवर राग कशाला काढलात?"



ताई रंगमंचावर गेली आणि दिव्यांच्या माणसाला म्हणाली, "समोरचे सगळे घालव रे. मागचा तेवढा ठेव."

मागून प्रकाश आला. केसांना आणि खांद्यांना उजेडाची कड आली, चेहरा पूर्ण काळोखात गेला. तिथे नाक आहे की नाही हेही दिसेना.

"आता सांगा, गोल की लांबट?"

मग तिने आईचं वाक्य म्हटलं, अगदी हळू, "पाणी नको मला. माझा मुलगा द्या." खांदे किंचित खाली गेले तेवढंच. चिमणीने हॉलमधूनच सुनेचं पुढचं वाक्य म्हटलं, आणि तिचा आवाज खरोखर फुटला.

काका उठले. "भूमिका ताईचीच. सर, तुम्हाला बसवायचं असेल तर बसवा नाटक. नसेल तर आम्ही बघू."

सर घसा खाकरून माझ्याकडे वळले, जणू काही झालंच नव्हतं. "ठीक आहे. पोस्टरला तिचाच फोटो घे. आत्ता बाजूच्या दिव्यात काढलास ना, तोच. गाल चांगले बसलेत त्यात."

"नाही," ताई रंगमंचावरून म्हणाली. "समोरून काढलेला लावायचा. पोशाखाचा."

"अगं, त्यात तू—"

"मी कशी दिसते ते मला माहीत आहे. भरल्या गालांची आईसुद्धा उपाशी राहते, सर. बघू दे लोकांना."

तो फोटो मी दाराएवढा मोठा छापला. त्यात एकही सावली नाही.