मालुबाईनं नाव घेतलं

"ही घरमालकाची सही हाय, का चिखलात कोंबडी नाचलीया?" हिशेबनीस नेमगोंडांनी पावती परत सरकवली, तशी सगळी कचेरी हसली. धर्मराज हसला नाही.

पावतीत चूक नव्हती. 'धर्मराज कांबळे यांजकडून शहापूर येथील खोलीचे फेब्रुवारी १९८३ चे भाडे रुपये नव्वद रोख मिळाले.' घर नंबर, मालकाचं नाव, पत्ता, तारीख, सगळं होतं. पण महसुली तिकिटावरची सही मागच्या पावत्यांशी जुळेना. घरमालक परशराम अण्णांचा उजवा हात लुळा पडला होता. मागावर साडीचा काठ उतरवावा तशी सही करणारा हात तो.

"अंगठा घे. शेजारी साक्षीदाराची सही. उद्या दिली न्हाईस, तर घरभाडं भत्ता कापला जाईल बघ."

भत्ता गेला तर खोली सोडणं आलं. आणि अण्णा अंथरुणाला खिळल्यापासून त्या नव्वद रुपयांवरच त्यांच्या बायकोची, मालुबाईची, चूल पेटत होती.

कोरी पावती, तिकीट, शाईची डबी घेऊन तो परतला. मालुबाई अण्णांच्या उशाशी बसली होती. अण्णांचे डोळे तिनंच मिटले होते.

"आक्का, कवा?"

"आत्ताच. शेजारी सुदीक ठावं न्हाय." तिनं नवऱ्याचा हात उचलून पुढं केला. "घे अंगठा. मग रडते."

"आक्का, न्हाय गं. गेलेल्या माणसाचा अंगठा खोटा."

"आन तू खोली सोडलीस तर मी काय खाऊ रं?"

"पैसं कुणाच्या हातात दिलं मी? तुझ्याच न्हवं? ज्यानं घेतलं त्यानं पावती द्यायची. तुझ्या नावानं करू. पर आज न्हाय, दिस घातल्यावर."

"आजच. उद्या माझा हात उचलायचा न्हाय."

तो लिहू लागला. घरमालकाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मालुबाई, मयत... पुढचं नाव त्याला पाठ होतं. तरी तिनं त्याचं मनगट धरलं.

"थांब. म्या सांगते."

लग्नात बायाबापड्यांनी वाट अडवली, तेव्हा एकदाच उखाण्यात गुंफून तिनं ते नाव घेतलं होतं. पुढं सारा जन्म 'ह्ये', 'आमचं मालक'. आता ना उखाणा, ना हळदीची बोटं.

"परशराम," ती म्हणाली. "परशराम सिद्राम होनगेकर."

तिनं अंगठा शाईत बुडवला. अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर टेकवला. निळा ठसा उमटला.

शेजारची अंबुबाई अण्णांसाठी पेज घेऊन उंबऱ्यात आली होती. मालुबाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव ऐकलं आणि तिच्या हातचा पेला खाली पडला. तिला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. तिथंच मटकन बसून तिनं हंबरडा फोडला.

साक्षीदाराची जागा अजून कोरी होती.