वरातीमागून ओळी

"मामा, तुझ्या नव्या गाण्याच्या व्हिडिओत पडद्यावर दिसणारे शब्द मी लावू?" तिला विचारायचं धाडस होणार नाही अशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिनं मामाच्या स्टुडिओत विचारूनच टाकलं.

"लाव. फसलं तर मी आहेच!"

हेडफोन चढवून ती गाणं ऐकत गेली. ओळ सुरू झाली की बटण दाबायचं, की त्या ओळीची वेळ नोंदली जायची. पण व्हिडिओ लावला तर प्रत्येक ओळ गाण्यामागून धापा टाकत येत होती!

"वरातीमागून घोडं!" मामा हसला.

ती चमकली. ऐकून बोट हलेपर्यंत उशीर होणारच, आणि तो सगळीकडे साधारण सारखाच! तिनं साऱ्या वेळा एकदम पाव सेकंद अलीकडे सरकवल्या. आता शब्द सुराबरोबर उमटले.

"हाच व्हिडिओ लोकांपुढे जाणार!" मामा ओरडला.

घरात पाऊल टाकताच तिनं जाहीर केलं, "आई, बाबा, सुट्टीत मी मामाकडे काम शिकणार. ठरलं!"