वरीलप्रमाणे

आमच्या तपासणीच्या खोलीला खिडकी नाही. प्रोजेक्टरच्या पडद्यावरची सावली नीट दिसावी म्हणून तिथे दिवाही एकच, तोही कोपऱ्यात. त्या अर्ध्या उजेडात मी एकोणीस वर्षं बसतोय. जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचतो म्हणून कारखान्यात मला मास्तर म्हणतात. मास्तरकीचं माझ्यात दुसरं काही नाही.

काम सोपं आहे. पिन काचेवर ठेवायची. खालून उजेड येतो, वर भिंग असतं, आणि पिनेची सावली कितीतरी मोठी होऊन समोरच्या दुधी पडद्यावर पडते. पडद्यावर जे माप येईल त्याला भिंगाच्या पटीनं भागलं की खरं माप. वीसपटीच्या भिंगातून सोळा मिलिमीटर दिसलं, तर वस्तू शून्य पूर्णांक आठची.

त्या दिवशी, कारखान्यात सगळे ज्यांना मामा म्हणतात त्या जुन्या कारागिराच्या लेथवरच्या पिना आल्या होत्या, तीनशे चाळीस. पिनेच्या डोक्याखाली जो खांदा असतो तिथे एक बारीक गोलाई ठेवायची असते. नकाशात तिची त्रिज्या शून्य आठ, जास्तीत जास्त शून्य नऊ. त्याहून मोठी झाली तर पिन आपल्या भोकात शेवटपर्यंत बसतच नाही. लेथच्या टूलच्या टोकाला, म्हणजे टिपेला, जेवढी गोलाई असेल तेवढीच पिनेवर उतरते.

मी वर्तुळांचा पारदर्शक कागद पडद्यावर लावला आणि सोळाचं वर्तुळ सावलीशी जुळवलं. जुळेना. सरकवत सरकवत वीसच्या वर्तुळावर आलो, तेव्हा सावली त्यात अगदी फिट्ट बसली. वीस भागिले वीस, एक. दहा पिना पाहिल्या. दहाही एकच्या. मी वहीत लिहिलं, माल बाद केल्याची लाल चिठ्ठी भरली, सही केली आणि डोळे चोळले. सकाळपासून चोळतच होतो.

अर्ध्या तासात सुपरवायझर साहेब मामांना घेऊनच आले.

"बघा," साहेब म्हणाले, "मास्तरांनी दहा पाहिल्या, दहाही बाद. मामा, टूल पुन्हा हातानं घासलंत ना?"

"नाही हो साहेब. तयार टिप लावली, शून्य आठची. डबी दाखवू?"

"मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात."

"तेव्हा घासली होती, कबूल. कान धरले होते तुमच्यासमोर. आता घासली नाही." मामा माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्हीच सांगा. आपल्या स्टोअरमध्ये टिपा कोणत्या? शून्य चार, शून्य आठ, एक पूर्णांक दोन. एकची टिप आहेच कुठे? मग ही गोलाई काय मी दातांनी कुरतडली?"

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "मशीन कशाला खोटं बोलेल? काय मास्तर?"

मी पडद्याकडे पाहिलं. सावली वीसच्या वर्तुळात बसलेली. "एक आहे," मी म्हणालो.

"झालं तर मग. मामा, आजपासून लेथ सोडा. पॅकिंगला बसा. आणि हा माल प्रेसवर कापून टाका, चांगल्यात मिसळायला नको."

बावीस वर्षं मामा त्या लेथवर होते; त्यांच्या उभं राहण्यानं पायांखालच्या लाकडी फळीला दोन खळगे पडले होते. जाताना त्यांनी दार हळू लावलं. मला ते आपटून लावलेलं चाललं असतं.

जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडलं. एक पान तीनदा वाचलं, एक अक्षर कळलं नाही. दातांनी कुरतडली. माणूस हातानं टूल घासतो तेव्हा गोलाई कधी जरा मोठी, कधी जरा छोटी येते. दहाच्या दहा काटेकोर एक? हातानं? मी स्वतःला म्हटलं, तू कोण मोठा शहाणा लागून गेलास, मोजणं तुझं काम, विचार करणं साहेबांचं. असं मी स्वतःला फार वेळा म्हणत आलोय.

मग वही उघडली. प्रत्येक मापापुढे एक रकाना असतो, भिंग कितीपटीचं ते लिहायचा. पानाच्या पहिल्या ओळीत माझ्या अक्षरात वीस. त्याखाली सगळीकडे त्या दोन छोट्या रेघा. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. सकाळी पान सुरू केलं की मी त्या खालपर्यंत ओढूनच ठेवतो. वीसचंच भिंग तर असतं कायम.

काल संध्याकाळी मात्र एक बारकं दातेरी चाक बघायला मी दुसरं भिंग लावलं होतं. आणि काढलं होतं का? आठवेना. आठवत नाही याचाच धसका बसला.

मी कपाटातून प्रमाणित पिन काढली, बरोबर दोन मिलिमीटर जाडीची. काचेवर ठेवली, सावली स्पष्ट होईपर्यंत चाक फिरवलं, पडद्यावर पट्टी धरली. भिंग वीसचं असतं तर चाळीस दिसायला हवे होते. पन्नास दिसले. मी पट्टी उचलून पुन्हा ठेवली. पन्नासच.

भिंगावरचा आकडा मागच्या बाजूला गेला होता. वाकून, टॉर्च मारून वाचला. पंचवीस.

वीस भागिले पंचवीस. शून्य पूर्णांक आठ.

लांबी आणि जाडी मी प्रोजेक्टरच्या सरकत्या टेबलाच्या चाकावर मोजतो, त्यावर आकडे असतात. तिथे आडव्या रेघेवर कड आणायची आणि टेबल किती सरकलं ते वाचायचं; भिंग कोणतंही चालतं. म्हणून बाकीची मापं बरोबर निघाली आणि मला शंका आली नाही. गोलाई तेवढी पडद्यावरून घेतलेली. पण हे सगळं मी स्वतःला का समजावत होतो? सुट्टी संपली होती, प्रेसचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. ठप्प. ठप्प. मी धावलो. या वयात धावणं म्हणजे भराभर चालणंच.

"थांबवा!" मी प्रेसवरच्या माणसाला म्हणालो. माझा आवाज इतका मोठा निघाला की तो दचकला.

बेचाळीस पिना कापून झाल्या होत्या.

साहेबांसमोर उभा राहिलो तेव्हा वाक्य मनात तीनदा घोकलं होतं, तरी अर्धं राहिलं. "भिंग पंचवीसचं होतं. मी वीसनं भागलं. पिना बरोबर आहेत. चूक माझी."

साहेबांनी मान वर केली. "मास्तर, तुम्ही?"

"मीच."

"लेखी द्या. आणि मामांना तुम्हीच जाऊन सांगा, मी नाही सांगणार."

मामा पॅकिंगच्या टेबलावर खोक्यांना लेबलं चिकटवत होते. वाकडी चिकटत होती. मी सगळं सांगितलं, भिंग, वही, त्या दोन रेघा, प्रमाणित पिन. ते ऐकत एकेक लेबल लावत राहिले.

"किती कापल्या?"

"बेचाळीस."

"त्या पुन्हा कराव्या लागतील." त्यांनी हात पुसले, उठले आणि लेथकडे चालू लागले. मी मागोमाग. मशीनजवळ आल्यावर ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चुकलात त्याचं काही नाही मास्तर. माणूस दमतो. मीही दमतो. पण एकची टिप नाही म्हणून मी जीव तोडून सांगत होतो, तेव्हा तुम्ही त्या पडद्याकडे बघत होतात. माझ्याकडे एकदा बघितलं असतंत तरी..."

मी फळीच्या कडेला उभा राहिलो, जायला हवं होतं तरी.

त्यांनी डबीतून टिप काढली, माझ्यासमोर धरून तिच्यावरचा आकडा दाखवला, मग बसवली. सळई लावली. मशीन घरघरलं, तेलाचा वास आला. चार-पाच मिनिटांत पहिली पिन निघाली. त्यांनी ती चिंधीनं पुसून माझ्या तळहातावर ठेवली, अजून कोमट.

"मोजा," मामा म्हणाले, आणि दुसरी करायला वळले.