तीनशेवीस टिपके

क्वांगसाहेबांनी वीस हजार युआनचं परदेशी यंत्र टेबलावर उलटं ठेवलं आणि स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे सरकवला.

"उघड. आणि प्रत्येक तुकडा वजनकाट्यावर ठेवायचा. कुठून आला, कोण विकतो, काही सांगायचं नाही. फक्त किती ग्रॅम आणि कशाचा, एवढं सांग."

यंत्र अंधांसाठी होतं. वर चाळीस घरांची एक ओळ, प्रत्येक घरात आठ टिपके. संगणकावरचा मजकूर त्या टिपक्यांनी बोटाखाली उमटतो. बोट शेवटपर्यंत गेलं की कळ दाबायची, पुढची ओळ येते. बावआन या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या खोलीत तेव्हा आम्ही पाचच जण होतो. एका न्यासाला चार प्रांतांतल्या अंधशाळांमध्ये मुलागणिक एक यंत्र द्यायचं होतं, आणि त्यांची अट एकच होती: किंमत एक दशांश. मोठ्या कंपन्यांनी हसून नकार दिला होता. क्वांगसाहेबांनी होकार देऊन टाकला होता. पूर्वी ते फोनच्या कारखान्यात होते. कुठलीही वस्तू हातात आली की तिची किंमत ऐकून त्यांना राग यायचा.

तीन तास मी वजनं सांगत होते आणि ते फळ्यावर लिहीत होते. प्लास्टिक, तांबं, पोलाद, थोडी सिरॅमिक. कच्च्या मालाच्या भावाने सगळं मिळून एका साध्या जेवणाइतकंही होत नव्हतं.

"मग वीस हजार कुठे गेले?" ते म्हणाले.

गेले होते सिरॅमिकमध्ये. प्रत्येक टिपक्याखाली वीज दिली की वाकणारी एक पातळ पट्टी, तिला दोनशे व्होल्ट. चाळीस गुणिले आठ, म्हणजे तीनशेवीस पट्ट्या. प्रत्येक हाताने बसवलेली, प्रत्येक तपासलेली.

"स्वस्त पट्टी शोधू," मी म्हटलं.

"शोधून काय होईल? निम्मं होईल. दहावा हिस्सा होणार नाही." त्यांनी फळा पुसला. "पट्टी विसर. बोटाला काय हवंय ते सांग."

बोटाला काय हवंय हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून पांग मेइजू आल्या.

मेइजूताई अठ्ठेचाळीस वर्षांच्या, जन्मापासून अंध, तीस वर्षं मालिश करणाऱ्या. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या यायच्या. आमच्या पहिल्या नमुन्यावरून डाव्या हाताची तर्जनी फिरवून म्हणाल्या, "हे काय? तिळाच्या भाकरीवरून हात फिरवल्यासारखं वाटतंय."

"ताई, जरा गोड बोला," क्वांगसाहेब म्हणाले.

"गोड बोलायला पैसे वेगळे पडतील."

त्यांच्याकडून आम्ही शिकलो. टिपका अर्धा मिलिमीटर वर यायला हवा, आणि बोट वरून जाताना दबता कामा नये. बस. तो स्वतः उठला काय, कुणी उचलून ठेवला काय, बोटाला फरक पडत नाही. हे ऐकताना क्वांगसाहेब खुर्चीतून उठले. "पट्टी दोन कामं करतेय! उचलायचं आणि धरून ठेवायचं. उचलणं क्षणाचं आहे, त्याला तीनशेवीस कशाला लागतात? आठ पुरे. आणि धरून ठेवायला वीज लागतेच कशाला?"

त्यातून आमचं यंत्र निघालं. ओळीखालून धावणारी एक छोटी गाडी, प्रिंटरच्या डोक्यासारखी, तिच्यावर आठ विद्युतचुंबक. गाडी घराखाली आली की हवे ते टिपके वर ढकलायची आणि पुढे जायची. टिपका म्हणजे नुसती प्लास्टिकची काडी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारी पोलादी पात्यांची जोडी. पाच सेकंदांत ओळ तयार. कालपर्यंत जे यंत्र होतं ते आता खेळण्यासारखं दिसायला लागलं.

हिशेब सातव्या हिश्श्यावर येऊन अडला. क्वांगसाहेबांना दहावाच हवा होता. पोलादी पाती वेगळी कापायची, वाकवायची, बसवायची, त्यात वेळ आणि माणसं. "पोलाद ही सवय आहे," ते म्हणाले. "प्लास्टिकलाही ताण असतो. साच्यातच पाती ओत." मी ओतली. तीस ग्रॅमचं वजन टिपक्यावर ठेवलं, टिपका हलला नाही. दहावा हिस्सा झाला. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना भाजलेलं बदक खायला घातलं.

एकवीस दिवसांनी, न्यासाच्या ज्वांगबाई यायच्या आदल्या मंगळवारी, मी सहज त्याच टिपक्यांवर पुन्हा वजन ठेवलं. अठरा ग्रॅमला एक टिपका खाली गेला. मग दुसरा. मी चाळीसही घरं तपासली. प्लास्टिकची पाती तीन आठवडे काडीला दाबून उभी होती आणि दाबून दाबून सैल पडली होती. प्लास्टिकचं असंच असतं. सतत वाकवून ठेवलं की ते हळूहळू हार मानतं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. बदकाच्या आनंदात मी ते विसरले होते.

क्वांगसाहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावलं.

"परवा काय होईल?"

"बोट हलकं असलं तर निभावेल. जोराचं असलं तर काही टिपके बसतील."

"अर्धा तास निभाव. ऑर्डर हातात आली की पोलाद परत घालू."

"आणि दहावा हिस्सा?"

"तेव्हाचं तेव्हा. मेइजूताईंना सांगू नकोस, त्या बोट आखडून वाचतील आणि ज्वांगबाईंच्या लक्षात येईल."

मी मान हलवली. ते मी लपवणार नाही. मी मान हलवली.

गुरुवारी दहा वाजता ज्वांगबाई आल्या. बारीक, मोकळ्या आवाजाच्या. चहाला हात लावला नाही. मेइजूताई यंत्रासमोर बसल्या, मी शेजारी लॅपटॉपवर. पडद्यावर जे उमटत होतं ते फक्त मला दिसत होतं. क्वांगसाहेबांनी निवडलेली तीन पानं ताईंनी धाडधाड वाचली. ज्वांगबाई त्यांच्या बोटांकडे बघत होत्या. क्वांगसाहेबांनी माझ्याकडे पाहून हळूच श्वास सोडला.

मग ज्वांगबाईंनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. "आमच्या एका शाळेच्या दवाखान्याचा कागद आहे. कुठलंही पान उघडा."

मी उघडलं. गाडी खालून सरसरत गेली. मेइजूताई वाचू लागल्या. "सकाळी जेवणानंतर पाच मिलिलीटर, रात्री..."

पडद्यावर चार होतं.

चारच्या आकड्याला तीन टिपके असतात, पहिला, चौथा आणि पाचवा. चौथा बसला की उरतात पहिला आणि पाचवा, आणि तो पाच असतो. यंत्राने चूक केली नव्हती. टिपका उठला होता, आणि ताईंच्या बोटाखाली मुकाट्याने खाली गेला होता. ताईंना काहीच जाणवलं नव्हतं. जाणवणार तरी कसं? त्यांच्या दृष्टीने तिथे पाचच लिहिलेलं होतं.

त्या पुढच्या ओळीवर गेल्या. खोलीत फक्त त्यांचा आवाज होता. क्वांगसाहेब टेबलाच्या पलीकडून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, पण त्यांचा रंग उडाला. त्यांनी अगदी थोडी, नाही म्हणून मान हलवली.

एका शाळेत कुणीतरी पोर हा कागद वाचेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मोठं असं काही नाही.

"थांबा ताई," मी म्हटलं. "तिथे चार आहे. पाच नाही."

मेइजूताईंचं बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा त्या घरावर आलं. "पाच आहे."

"टिपका बसलाय. सैल झालेत टिपके. बरेचसे."

"कधीपासून?"

"मंगळवारी कळलं मला."

त्यांनी हात मांडीवर घेतला. "मंगळवारी," त्या म्हणाल्या. "आणि काल तू मला पिठाच्या चकत्या आणून दिल्यास."

ज्वांगबाईंनी उठून यंत्र बंद केलं. क्वांगसाहेब बोलायला लागले, पोलाद, साचा, दोन आठवडे... ज्वांगबाईंनी हात वर केला. "दोन महिने देते. चुकीचं वाचायला लावणारं यंत्र मला फुकटही नको. आणि किंमत तीच, दहावा हिस्सा." पेनड्राइव्ह घेऊन त्या गेल्या.

क्वांगसाहेब माझ्यावर ओरडले. काय ओरडले ते सांगत नाही, पण शेवटी म्हणाले, "तुला एवढं स्वच्छ राहायचंय तर शाळेत शिकव." मी रडले नाही. म्हटलं, पोलादाने सातवा हिस्सा होतो आणि प्लास्टिकने खोटं होतं, तिसरं काही असेल तर सांगा. ते फळ्यासमोर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मेइजूताईंच्या दुकानात गेले. माफी मागायला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झोप." मी पालथी झोपले. त्यांनी माझ्या खांद्यात कोपर रोवलं आणि मी किंचाळले.

"हे मंगळवारचं," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "तुमची ती पाती दिवसभर दाबून उभी असतात म्हणतेस ना? मग दमणारच की. मी दिवसाला आठ माणसं करते. अंगठ्याच्या जोराने दाबलं असतं तर दोन वर्षांत हात गेला असता."

"मग कशाने दाबता?"

"दाबतच नाही. हाडावर हाड ठेवते. मनगट, कोपर, खांदा, एका रेषेत. वजन हाडांतून खाली जातं. स्नायू फक्त हाताला जागेवर आणतात, मग मोकळे." त्यांनी माझ्या पाठीवर हात सरळ करून दाखवला. वजन आलं, पण हात ढिला होता.

मी उठून बसले. "ताई, पैसे?"

"पळ."

आम्ही टिपक्याला धरूनच ठेवत होतो, चिमटीत, जोराने. धरायचं कशाला? काडीला खाली एक खांदा, म्हणजे बाहेर आलेली कड, काढायची. गाडीने काडी वर ढकलली की मऊ पात्याने ती केसभर बाजूला झुकेल आणि तिचा खांदा शेजारच्या पायरीवर बसेल. मग बोटाचा दाब सरळ पायरीत जाईल. पात्याला काम फक्त त्या क्षणाचं, वर बसल्यावर आणि खाली आल्यावर ते मोकळं. ओळ पुसायची तर एक लांब पट्टी बाजूला सरकवायची, सगळे खांदे एकदम पायरीवरून उतरतील. वेगळं पोलाद नाही, वेगळी जुळणी नाही.

मी चित्र काढत असताना क्वांगसाहेब मागे येऊन उभे राहिले. "पातं कधी ताणलेलं असतं?"

"जाता-येता."

"हं," ते म्हणाले. माझ्याशी दोन दिवसांत बोललेला तो पहिला शब्द. मग खुर्ची ओढून बसले आणि माझ्या हातातून पेन्सिल घेऊन पायरीचा कोन बदलला. त्यांचा कोन बरोबर होता.

साचा दोनदा चुकला. एकदा पायरी उथळ झाली, एकदा काड्या उतरेनात. तिसऱ्या साच्यातून आलेलं यंत्र आम्ही टिपके वर ठेवून, साठ अंशांच्या गरम पेटीत महिनाभर ठेवलं. रोज सकाळी मी एक टिपका दाबत होते. पन्नास ग्रॅम. साठ. शंभर ग्रॅमला काडी वाकली, पण खाली गेली नाही.

दोन महिने संपायला चार दिवस बाकी असताना ज्वांगबाई आल्या. या वेळी लॅपटॉप त्यांनी स्वतःकडे फिरवून घेतला. ताईंनी दवाखान्याची अकरा पानं वाचली. एकही चूक नाही. ज्वांगबाईंनी सगळ्यांदेखत टिपक्यांवर अंगठा रगडून पाहिला. मग तीस यंत्रांची ऑर्डर दिली, आम्ही धरून चाललेल्या तीन हजार यंत्रांची नाही. तीस यंत्रं वर्षभर एका शाळेत चालली तर पुढचं बोलू, म्हणाल्या. क्वांगसाहेबांनी दारापर्यंत जाऊन निरोप दिला आणि परत येऊन खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

मेइजूताई अजून वाचत होत्या.

"ताई, झालं की," मी म्हटलं.

"गप्प बस जरा. सतराव्या घरातला तिसरा टिपका बोटाला ओरखडतोय. मुलांची बोटं कोवळी असतात."

मी भिंग आणून पाहिलं. साच्याच्या जोडाची बारीक कड उरली होती. मी कानस घेतली.