छताच्या शुभेच्छा

दवाखाने-दुकानं सजवून देणाऱ्या बाईंनी यंदा ठरवलं, सणाला चकाकत्या फुलांचं चित्र कुणालाच पाठवायचं नाही. गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांना ते पाठवलं, तर उलट नुसता अंगठा आला. अंगठ्यावर धंदा चालत नाही. त्यात डॉक्टर आता दुसरा दवाखाना काढत होते, आणि ते काम हातचं गेलं तर बाईंचं वर्ष कोरडं जाणार होतं.

म्हणून त्यांनी एकेकाला वेगळं लिहायला घेतलं. डॉक्टरांना लिहिलं, "डॉक्टर, सणाच्या शुभेच्छा. छताचा रंग ठरवताना तुम्ही मला खुर्चीत आडवं व्हायला लावलंत, ते आठवलं की अजून हसू येतं. पण बरोबर तुमचंच होतं, तिथून माणसाला छतच दिसतं. घरी सगळ्यांना नमस्कार."

"खाली नव्या दवाखान्याचं एक वाक्य टाक की," नवरा म्हणाला.

"मग ती शुभेच्छा राहत नाही, अर्ज होतो."

अर्जात वाईट काय, हे नवऱ्याने विचारलं नाही. लग्न जुनं होतं.

संध्याकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यातून बाईंना शुभेच्छा आल्या. बाईंनी लिहिलेल्याच. शब्दन् शब्द. फक्त 'डॉक्टर'च्या जागी 'प्रिय रुग्ण' होतं. बाईंची अक्कलदाढ तिथेच निघाली होती, म्हणून यादीत त्याही होत्या.

"बघ, आवडलं त्यांना," नवरा म्हणाला. "इतकं, की पुढे ढकललं."

सकाळी डॉक्टरांचा फोन आला, ताबडतोब या. बाई दवाखान्यात पोचल्या.

"बाई, तुमचा निरोप मी सगळ्यांना पाठवला," डॉक्टर म्हणाले. "आता जो येतो तो तोंड उघडायच्या आधी छत बघतो. म्हणे दिव्याशेजारी चीर आहे."

"तुम्ही पाहिली नाहीत?"

"मी कशाला वर बघू? माझं काम खाली असतं."

बाई खुर्चीत आडव्या झाल्या. चीर होती. दुसऱ्या दवाखान्याचं काम त्या चिरीतून निघून जाताना त्यांना स्पष्ट दिसलं. रंगाचा हात मारून झाकता आली असती.

"छताचा सांधा उघडलाय," त्या म्हणाल्या. "जाळीची पट्टी लावून पुट्टी भरावी लागेल. चूक आमची, खर्च आमचा."

डॉक्टर स्वतः खुर्चीत पडले. मदतनीस मुलीने सवयीने त्यांच्या गळ्यात रुमाल अडकवला.

"इथून एवढं दिसतं?"

"तुमचं नाकसुद्धा दिसतं, सर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. आजवर कुणीच काही बोललं नव्हतं, पण तोंडात अवजारं असताना बोलणार कसं?

"नवा दवाखाना तुम्हीच करा," ते शेवटी म्हणाले. "चीर स्वतःहून कबूल करणारं माणूस मला परवडतं. पण पुढच्या सणाला माझ्या रुग्णांना निरोपही तुम्हीच लिहायचे. प्रत्येकाला वेगळा."

"त्याला प्रत्येकाची एकेक आठवण लागेल, डॉक्टर."

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"सगळ्यांची एकच आहे," ते म्हणाले. "ओरडले होते."