संध्याकाळी पाच वाजता मरण पावलेली सासू

डायरी रविवारीच पाठवून झाली होती, त्यामुळे आता काही करता येण्यासारखं नव्हतं. तरीही सूनबाईंनी बुधवारी पहाटेपासून ती चार वेळा वाचली होती, आणि चारही वेळा सासूबाई संध्याकाळी बरोबर पाच वाजता वारत होत्या.

सूनबाई पंप बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस. मुख्य कारखाना परदेशात, तिथली भाषा फ्रेंच. नव्या यंत्राचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण तिथे व्हायचं होतं, आणि परत येईल तो विभागप्रमुख. अट एकच, फ्रेंचची परीक्षा. परीक्षेचे भाग दोन. आधी फ्रेंचमध्ये आपल्या धावपळीच्या एका दिवसाची डायरी लिहून पाठवायची, मग तिच्यावर तिकडच्या परीक्षकबाई व्हिडिओवर प्रश्न विचारणार. नियमपत्रकात ठळक अक्षरांत होतं: दिवस खरा असावा, काल्पनिक आढळल्यास डायरीला शून्य.

हे पत्रक शिकवणीच्या मास्तरांनी बाजूला सारलं होतं. "खरं कोण बघतंय? परीक्षक क्रियापदं बघतो," ते म्हणाले. फ्रेंचमध्ये झालेली गोष्ट सांगताना बहुतेक क्रियापदं एका साहाय्यक क्रियापदाला धरून चालतात, पण सोळा-सतरा जणांचा गट वेगळ्याच साहाय्यकाला धरून असतो. जाणं, येणं, चढणं, उतरणं, पडणं, जन्मणं, मरणं. "यातली किमान सहा आली पाहिजेत. आणि प्रत्येक वाक्याला वेळ. आधी, मग, नंतर, शेवटी. घड्याळ सोडायचं नाही."

जाणं-येणं सगळ्यांनाच जमलं. जन्मणं अवघड, कारण एका दिवसात कोणाकडे बाळ होणार? मरणं त्यामानाने सोयीचं. त्या आठवड्यात क्लासमधल्या बारा जणांच्या घरी मिळून नऊ माणसं गेली. फिटरने आजोबा घालवले, पॅकिंगवाल्याने एक मावसकाका. सूनबाईंनी आधी मांजर लिहिलं होतं.

"मांजर नको," मास्तर म्हणाले. "मागच्या बॅचने तेच मांजर तीनदा मारलंय. आणि बाईमाणूस घ्या. बाई गेली की शब्दाच्या शेवटी एक e जास्तीचा लागतो. तो दिसला की परीक्षक खूश."

बाईमाणूस म्हणजे कोण? स्वतःच्या आईचं नाव घ्यायला हात धजेना. बहीण मागच्याच महिन्यात ऑपरेशनमधून उठलेली. राहता राहिल्या सासूबाई, ठणठणीत, एकोणऐंशीच्या. सूनबाईंनी डोळे मिटून लिहून टाकलं: *À dix-sept heures, ma belle-mère est morte.* पाच वाजता माझी सासू वारली. आणि पुढचं क्रियापद तयारच होतं म्हणून लगेच: *Ensuite, je suis allée au marché.* त्यानंतर मी बाजारात गेले.

तिथून जी झोप उडाली ती उडालीच.

परीक्षा दहाला. सूनबाईंनी लॅपटॉप भिंतीकडे पाठ होईल असा ठेवला, दार लावलं, कडी घातली. कडी जुनी, हलक्या धक्क्याने निघणारी. बाहेर सासूबाई फरशीवर स्टूल सरकवत होत्या.

"आई, अर्धा तास आत येऊ नका हं!"

"अगं, मी कशाला येतेय? मला काय त्यातलं कळतं!"

परीक्षकबाई पडद्यावर आल्या. पांढरे केस, चष्मा दोरीला अडकवलेला. त्या हसल्या नाहीत. हळू आणि स्पष्ट म्हणाल्या, "मॅडम, प्रश्नांआधी एक सांगते. तुमची डायरी मी काल वाचली. फार वाईट वाटलं."

सूनबाईंना शब्द न् शब्द कळला, आणि तोच मोठा घात झाला. एरवी अर्धं निसटायचं, आज काही निसटेना.

"पाच वाजता असं झालं, आणि नंतर तुम्ही बाजारात गेलात," परीक्षकबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. "माणूस धक्क्यात असंच करतं. माझी आई गेली तेव्हा मी बसून मोज्यांच्या घड्या घातल्या. तुम्हाला परीक्षा पुढे ढकलायची का?"

हो म्हणावं तर या चांगल्या बाईच्या दुःखावर आपण चढून बसतोय. खरं सांगावं तर शून्य, आणि सहा महिन्यांच्या प्रशिक्षणावर पाणी. विभागप्रमुख म्हणून पॅकिंगवाला डोळ्यांसमोर उभा राहिला. त्यांना खोकला आला. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी कडी निघाली.

"खोकलीस ना? पाणी आणलंय," म्हणत सासूबाई तांब्या घेऊन आत आल्या, आणि पडद्यावरची बाई बघून थबकल्या. मग हात हलवला. "या कोण? चांगल्या दिसतात."

परीक्षकबाईंनी चष्मा लावला. "ह्या कोण?"

आत्या म्हणावं? शेजारीण? त्यांच्याबद्दल चार प्रश्न आले तर पुन्हा चार खोटी, आणि फ्रेंचमध्ये इतकी खोटी बोलण्याइतका शब्दसाठाच नव्हता.

"माझी सासू," सूनबाई म्हणाल्या.

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. डायरीतल्या नव्हे, खऱ्या दिवसाचं. शनिवारी, त्या म्हणाल्या, मी सहाला उठले. आधी डबा केला, मग कामावर गेले. दुपारी एकोणीस पंप परत पाठवले. पाच वाजता मी वही उघडली. तेव्हा सासूबाई झोपल्या होत्या. मग मी त्यांना मारलं. वहीत. क्रियापदासाठी. त्यानंतर मी बाजारात गेले नाही. त्यांनीच चहा केला आणि मला हाक मारली. तेव्हापासून मी झोपले नाही.

क्रियापदं कोणत्या साहाय्यकाला धरून चाललीत, याचं भान त्यांना उरलं नव्हतं. सासूबाई तांब्या धरून मध्येच उभ्या.

परीक्षकबाई बराच वेळ काही लिहीत होत्या. हसू दाबत असाव्यात किंवा राग, पडद्यावरून कळेना.

"डायरीला शून्य," त्या शेवटी म्हणाल्या. "नियम मोडता येत नाही. तोंडीला तीसपैकी सव्वीस. पास व्हायला एकूण पंचवीस लागतात." मग थोडं थांबून, "तुमच्या क्लासमधून आणखी आठ मृत्यू आलेत. त्यांचंही विचारावं लागणार. कोणाला सांगू नका."

पडदा काळा झाला. सूनबाई खुर्चीतच बसून राहिल्या. त्यांनी डोळे पुसले.

"काय म्हणाली?" सासूबाईंनी विचारलं.

"पास झाले."

"मग अशी रडतेस कशाला? आणि माझ्याकडे बघून काय सांगत होतीस एवढं? मी आल्यापासून तुझं तोंड सुरूच होतं."

आठ वर्षं एका घरात राहून यांच्याशी खोटं बोलायची सवयही नव्हती, आणि खरं बोलायची फारशी वेळही आली नव्हती. सूनबाईंनी तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि खाली ठेवला.

"आई, बसा. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता," त्या म्हणाल्या, "मी तुमच्याबद्दल काहीतरी लिहिलंय."