चित्रात व्हायोलिन नव्हतं

म्हैसूरच्या मराठी मंडळात व्हायोलिन वाजवायचं विश्रामरावांनी कबूल केलं ते एका अटीवर. जाहिरातीत त्यांच्या डोळ्यांचा उल्लेख येता कामा नये. दृष्टी जाऊन अठरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्यांचं वादन कुणी नुसतं वादन म्हणून ऐकलंच नव्हतं. आधी हळहळ आणि मग टाळ्या, हा क्रम ठरलेला. त्यांना त्याचा मनस्वी कंटाळा आला होता. मंडळाचे अध्यक्ष रणोजीराव, चार पिढ्या म्हैसुरात मुरलेले गृहस्थ, "सरी, सरी, तसंच करू" असं म्हणाले होते.

मंगळवारी जाहिरात मंडळाच्या इन्स्टाग्रामवर लागली. विश्रामरावांनी चित्रावर बोट ठेवलं आणि फोन बोलू लागला. चित्राला जोडलेलं हे वर्णन डोळसांना दिसत नाही, ते फोन फक्त विश्रामरावांसारख्यांना वाचून दाखवतो. लिहिणारी होती गुंजन. हिनकलकडच्या एका कंपनीत नोकरी करून ती मंडळाचं पान सांभाळायची. वर्णन कसं लिहायचं ते तिला विश्रामरावांनीच शिकवलं होतं. नुसतं 'सुंदर पोस्टर' म्हणू नकोस, चित्रावरची अक्षरं जशीच्या तशी उतरव, फोटोत कोण काय करतंय ते सांग, वेलबुट्टी राहिली तरी चालेल.

फोन म्हणाला, "पोस्टर. विश्राम पटवर्धन मांडीवर व्हायोलिन घेऊन बसले आहेत. चेहऱ्यावर हसू. मजकूर: व्हायोलिनवादन, रविवार, सायंकाळी सहा, मंडळाचं सभागृह, सर्वांचं स्वागत." विश्रामरावांना बरं वाटलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं.

मग ते खालच्या प्रतिक्रिया ऐकायला गेले आणि तिथे घोटाळा झाला. फोन एकेक चिन्ह नाव घेऊन वाचत होता. जोडलेले हात, जोडलेले हात, रडणारा चेहरा. कुणी बाईंनी लिहिलं होतं, 'डोळे भरून आले.' कुणी लिहिलं होतं, 'देव एक दार बंद करतो तेव्हा.' पुढे काहीच नाही, बहुधा त्यांनाही भरून आलं असावं.

व्हायोलिन घेऊन हसणाऱ्या माणसाकडे बघून रडायचं कशाला? विश्रामरावांच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी फोनमधल्या चित्र ओळखणाऱ्या ॲपला विचारलं. ते म्हणालं, काळा चष्मा घातलेला पुरुष, पायऱ्या. अक्षरं मात्र त्याला वळणदार लिपीमुळे धड लागेनात. आता या ॲपने मागच्याच महिन्यात त्यांच्या कुकरला बादली ठरवलं होतं, त्यामुळे त्याच्या शब्दावर कुणाच्या अंगावर जाण्यात अर्थ नव्हता. त्यांनी गुंजनला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, फोटोत माझा सदरा कुठला गं? एरवी ती अशा प्रश्नावर पाच मिनिटं बोलली असती. आज ती घाईने "क्रीम, काका, छान दिसताय" म्हणाली आणि मीटिंग आहे म्हणून तिने फोन ठेवला. क्रीम सदरा विश्रामरावांकडे नव्हता.

त्यानंतर त्यांना कुणाचाच भरवसा वाटेना. मंडळातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने आधी स्वतःशी ठरवलं असतं, यांना किती सांगावं. नाशिकच्या बहिणीने तर सगळं गोड करूनच सांगितलं असतं. त्यांना असा माणूस हवा होता की ज्याला लपवायचं काय तेच कळू नये.

समोरच्या घरात पावनी राहायची. शाळेत गणित शिकवणारी कन्नड बाई. मराठी तिला येत नव्हती, पण शाळेत हिंदी झालेली असल्यामुळे देवनागरी अक्षरं वाचता यायची. विश्रामरावांनी दार वाजवलं, फोन तिच्या हातात दिला आणि कन्नडमध्ये सांगितलं, अर्थ लावू नका, नुसती अक्षरं वाचा, वरपासून खालपर्यंत.

पावनीने वाचायला सुरुवात केली, एकेका अक्षरावर पाय ठेवत. "अं-धा-रा-व-र मात. ए-का..." इथे ती थांबली. पुढचा शब्द कन्नडमध्येही तोच होता. "वाचा," विश्रामराव म्हणाले. "एका दृष्टिहीन कलावंताची जिद्द," तिने खालच्या आवाजात वाचून टाकलं. मग वार, वेळ, जागा.

"आणि फोटो?"

फोटोत ते कुठल्याशा पायऱ्या उतरत होते. काळा चष्मा, एका हातात काठी, दुसरा हात कुणीतरी धरलेला. व्हायोलिन कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. पावनीने फोटो बोटांनी मोठा करून नीट बघितला आणि व्हायोलिन नाही, सर, असं सांगितलं.

संध्याकाळी त्यांनी गुंजनला घरी बोलावलं. ती आली आणि बसायच्या आतच रडवेली झाली. पोस्टर रणोजीरावांनी बाहेरून करून आणलं होतं. तिने अटीची आठवण करून दिली, तर ते म्हणाले, नोडी, हे बघ, असं काही लिहिल्याशिवाय लोक येत नाहीत, आणि विश्रामरावांना थोडंच दिसणार आहे. मग तिने वर्णन लिहायला घेतलं. ते शब्द त्यांच्या कानावर घालणं तिच्याच्याने होईना. विश्रामरावांनी जसं पोस्टर मागितलं होतं, तसं तिने लिहून टाकलं.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, काका."

विश्रामरावांना रणोजीरावांचा राग आला होता, पण हिचा त्याहून जास्त आला. ते म्हणाले, "रणोजीरावांनी चित्र सगळ्यांसाठी केलं. तू लिहिलंस ते आम्हा चार-सहा जणांसाठी. सगळं गाव एक बघत होतं आणि मी दुसरंच ऐकत होतो. ते खोटं आहे हे कुणाला कळणारही नव्हतं."

गुंजनने फोन काढला. मग ती हळूच म्हणाली, पोस्ट काढून टाकते. विश्रामराव नको म्हणाले. आधी वर्णन बदल, जे आहे ते लिही. आणि तेच फोटोखालच्या मजकुरातही घाल, म्हणजे डोळसांनाही वाचता येईल. तिने तिथेच बसून लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं: 'चित्रवर्णन: काळा चष्मा घातलेले विश्राम पटवर्धन काठी घेऊन पायऱ्या उतरत आहेत. एकाने त्यांचा हात धरला आहे. वर मोठ्या अक्षरांत: अंधारावर मात, एका दृष्टिहीन कलावंताची जिद्द. खाली लहान अक्षरांत: व्हायोलिनवादन. चित्रात व्हायोलिन नाही.'

तासाभरात रणोजीरावांचा फोन आला. हे काय लिहिलंय, मंडळाची शोभा होते, लोक विचारतायत. विश्रामराव म्हणाले, तुम्ही छापलं तेच लिहिलंय, एक शब्द जास्तीचा असेल तर सांगा. रणोजीरावांनी ते पुटपुटत पुन्हा वाचलं. शेवटी म्हणाले, "तप्पायतु, विश्रामराव. चूक झाली. मंदी, म्हणजे चार माणसं यावीत, एवढंच डोक्यात होतं."

"आली असती की. पण मला बघायला."

बुधवारी सकाळी जुनी पोस्ट गेली आणि नवं पोस्टर लागलं. फोन वाचू लागला. फक्त व्हायोलिनचा फोटो, माणूस नाही. व्हायोलिनवादन, विश्राम पटवर्धन, वार, वेळ, जागा. गुंजनने एक तारसुद्धा सोडली नव्हती, चारही मोजून लिहिल्या होत्या.

विश्रामरावांनी ते सगळं नीट ऐकलं. पोरीने जीव ओतून लिहिलं होतं, ते त्यांना कळत होतं. तरी ते उठले, पायांत चपला सरकवल्या आणि समोरच्या घराचं दार वाजवायला निघाले. परवापर्यंत त्यांना या पोरीच्या शब्दापुढे कुणाला काही विचारावं लागलं नव्हतं.